किंमत लिहिली, पण बटणाखाली गेली!
मोबाईलवरील उभ्या जाहिरातीत मजकूर कोठे लिहावा?

रमजान ईदच्या आधी आमच्या दुकानात सोलापुरी चादरींचा नवा माल आला. पूर्वी अशा वेळी आम्ही हँडबिले छापून वाटत असू. आता गिऱ्हाईक मोबाईल पाहते, म्हणून भाच्याने पंधरा सेकंदांची एक चित्रफीत तयार केली आणि इन्स्टाग्रामवर रील म्हणून टाकली. चादरीची घडी उलगडते, नक्षी दिसते, वर दुकानाचे नाव, खाली उजव्या कोपऱ्यात किंमत आणि अगदी तळाशी फोन नंबर, अशी ती मांडणी होती. मांडणी हँडबिलासारखी नीटनेटकी होती. मला ती पसंत पडली.

दुसऱ्या दिवशी खाली प्रश्न येऊ लागले. "भाव काय?" "दुकान कुठे?" "नंबर द्या." सुरुवातीस मला राग आला. एवढे मोठे लिहिले आहे, तरी लोक वाचत कसे नाहीत? मग शेजारच्या दुकानदाराच्या मोबाईलवर ती फीत पाहिली आणि उलगडा झाला. किंमत होती तेथे 'शेअर'चे बाण चिन्ह बसले होते. फोन नंबरावर आमच्याच खात्याचे नाव आणि खाली लिहिलेली ओळ चढली होती. दुकानाचे नाव वरच्या पट्टीत अर्धे गेले होते. भाचा म्हणाला, "मामू, बनवताना तर सगळं साफ दिसत होतं!" त्याचे खरे होते. एडिटिंगच्या ऍपमध्ये चित्र कोरे दिसते. बटणे नंतर येतात, आणि ती इन्स्टाग्राम टाकते, आपण नाही.

ही चूक आमच्या एकट्याची नाही. व्यापारी बंधूंच्या अनेक फितींमध्ये ती रोज दिसते. तिचा उपाय सोपा आहे, पण त्यासाठी मोबाईलच्या पडद्याचे माप एकदा समजून घेतले पाहिजे.

शिलाईत जाणारा कपडा

शिंपी कापड बेतताना अंगाच्या मापाइतकेच कापत नाही. शिलाईत जाणारा कपडा तो आधी सोडतो. तो सोडला नाही तर कुडता तयार होतो, पण अंगात जात नाही. चित्रफितीचेही तसेच आहे. पडद्याच्या कडांचा काही भाग ऍपच्या बटणांत जाणार, हे धरूनच मजकूर बेतायचा असतो. या राखून ठेवलेल्या जागेला सुरक्षित समास म्हणता येईल.

ही कल्पना मोबाईलमुळे आलेली नाही. काचेच्या नळीचे जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवीत असत, आणि प्रत्येक सेट थोडे वेगळे कापीत असे. त्यामुळे त्या काळी टीव्हीवाले मधल्या ८० टक्के भागातच अक्षरे ठेवीत. पुढे सपाट पडदे आले, तेव्हा ही मर्यादा ९० टक्क्यांपर्यंत सैल झाली. परंतु टीव्ही आणि मोबाईल यांत एक मोठा फरक आहे. टीव्ही चारही बाजूंनी साधारण सारखे कापीत असे, म्हणून मजकूर मधोमध ठेवला की काम भागे. मोबाईलचे ऍप वरून थोडे, खालून पुष्कळ आणि उजवीकडून डावीपेक्षा जास्त झाकते. म्हणून मोबाईलवर मजकुराचा मध्य हा चित्राच्या मध्यावर येत नाही. तो वर सरकतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी निम्म्या चुका टळतील.

माप किती सोडायचे?

रील, यूट्यूब शॉर्ट्स आणि व्हॉट्सऍप स्टेटस या सर्वांसाठी उभ्या फितीचे नेहमीचे माप १०८० रुंद आणि १९२० उंच असे असते. हे आकडे पडद्यावरील ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे आहेत. कापडात जसे ताणे आणि बाणे मोजतात, तसेच हे समजावे.

इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिने जाहिरातदारांना रीलसाठी पुढील सूचना दिली आहे. वरचा सुमारे १४ टक्के भाग, खालचा सुमारे ३५ टक्के भाग आणि दोन्ही बाजूंचा ६ टक्के भाग अक्षरांपासून मोकळा ठेवावा. ठिपक्यांत सांगायचे तर वरून सुमारे २७० आणि खालून सुमारे ६७०. उंचीपैकी मजकुरासाठी उरतात जेमतेम ९८०, म्हणजे एकूण उंचीच्या निम्म्याहून किंचित जास्त.

खालचा ३५ टक्के हा आकडा पाहून कोणीही दचकेल. एवढी जागा का? कारण खाली एकावर एक थर बसतात. सर्वांत तळाशी ऍपची स्वतःची पट्टी असते. तिच्यावर गाण्याचे नाव, त्यावर आपण लिहिलेली ओळ, त्यावर खात्याचे नाव आणि फॉलोचे बटण. फितीला पैसे भरून जाहिरात म्हणून पुढे ढकलले, तर 'मेसेज पाठवा' यासारखे आणखी एक रुंद बटण त्यात येते. साध्या रीलमध्ये दिसत असलेली ओळ जाहिरात होताच झाकली जाते, ती या बटणामुळे. ज्या फितीवर आपण पैसे खर्च करणार, तिच्यात ३५ टक्क्यांची मर्यादा काटेकोरपणे पाळावी.

उजव्या बाजूस पसंतीचे चिन्ह, कॉमेंट, शेअर अशी बटणांची उभी रांग असते. ती साधारण चित्राच्या मध्यापासून खाली उतरते. शॉर्ट्समध्येही अशीच रांग असते. म्हणून मी एक साधा नियम ठेवला आहे. चित्राच्या मध्यरेषेखाली काही लिहायचेच असेल, तर उजवीकडची रुंदीच्या सहाव्या हिश्श्याची पट्टी, म्हणजे १८० ठिपके, मोकळी सोडायची.

बाजूंच्या ६ टक्क्यांबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. हल्लीचे पुष्कळ मोबाईल फितीपेक्षा लांबट असतात. त्यांच्या पडद्याची उंची व रुंदी २० ला ९ अशी, तर फितीची १६ ला ९. अशा पडद्यावर काही ऍप खाली काळी पट्टी सोडतात. काही मात्र चित्र वाढवून पूर्ण पडदा भरतात. पूर्ण भरायचे तर चित्र सव्वापट करावे लागते. मग रुंदीतील फक्त ८० टक्के भाग दिसतो आणि दोन्ही बाजूंचे १० टक्के कापले जातात. हा हिशोब धरून मी प्रत्येक बाजूस १० टक्के, म्हणजे १०८ ठिपके सोडतो. मजकुराच्या रुंदीसाठी मग ८६४ उरतात, आणि तेवढे पुरतात.

व्हॉट्सऍप स्टेटसची झाकण कमी असते. वर नाव आणि वेळेच्या बारीक रेषा, खाली लिहिलेली ओळ आणि उत्तराची जागा. इन्स्टाग्रामच्या स्टोरीसाठी मेटाची सूचना वर १४ टक्के आणि खाली २० टक्के अशी आहे. परंतु रीलचे माप पाळले की ही दोन्ही आपोआप पाळली जातात. एकच फीत सर्व ठिकाणी टाकायची असेल, तर सर्वांत कडक माप धरावे.

मेजर टेपने तपासा

ठिपक्यांचे आकडे ज्यांना किचकट वाटतात, त्यांनी सरळ टेप घ्यावी. मोठ्या पडद्याच्या नेहमीच्या मोबाईलवर उभी फीत सुमारे पावणेसात सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच दिसते. त्यात वरून १.७ सेंटिमीटर आणि खालून ४.२ सेंटिमीटर सोडावे. दोन्ही बाजूंस ०.७ सेंटिमीटर, आणि मध्याखाली उजवीकडे १.१ सेंटिमीटर. उरलेला तुकडा सुमारे सहा सेंटिमीटर उंच. अक्षरांचा सारा संसार तेवढ्यात मांडायचा.

याहून चांगला मार्ग म्हणजे फर्मा करून ठेवणे. ठसेवाल्या कारागिरास फर्म्याची किंमत सांगावी लागत नाही. कृती अशी आहे. इन्स्टाग्रामवर कोणाचीही रील उघडावी. ओळ लांब असेल आणि सर्व बटणे दिसत असतील अशी निवडावी. तिचा स्क्रीनशॉट घ्यावा. एडिटिंगच्या ऍपमध्ये आपली फीत उघडून तिच्यावर हा स्क्रीनशॉट दुसरा थर म्हणून ठेवावा. तो ताणू नये. त्यातील फितीच्या कडा आपल्या फितीच्या कडांशी बरोबर जुळवाव्यात. नंतर Opacity हा पर्याय शोधून तो ३५ ते ४० वर आणावा. आता बटणे पुसट दिसतात आणि मागे आपली फीतही दिसते. या बटणांना न शिवता अक्षरे बसवावीत.

फीत बाहेर काढण्यापूर्वी हा थर न चुकता काढून टाकावा. आमच्याकडून एकदा तो तसाच राहिला आणि फितीत दोन-दोन पसंतीची चिन्हे उमटली. लोक चित्रातील खोटे चिन्ह दाबीत बसले!

ऍपची रचना अधूनमधून बदलते. म्हणून स्क्रीनशॉटचा फर्मा दर दोन-तीन महिन्यांनी नवा घ्यावा. जुन्या फर्म्यावर वर्षभर काम करणे म्हणजे जुन्या मापाने वाढत्या मुलाचे कपडे शिवणे होय.

चादरीची फीत पुन्हा बेतली

आता आमच्या त्याच फितीचे काय केले, ते क्रमाने सांगतो.

पहिल्या मांडणीत दुकानाचे नाव वरून १०० ठिपक्यांवर होते. ते ३०० वर आणले. २७० पुरले असते, पण अक्षरांच्या वरच्या मात्रा आणि रफार यांना थोडी हवा लागते. इंग्रजी अक्षरांच्या मानाने आपली देवनागरी उंचीला जास्त जागा घेते. वर वेलांटी, खाली उकार. दोन ओळी जवळ ठेवल्या तर एकीचा उकार दुसरीच्या मात्रेत अडकतो. म्हणून ओळींमधील अंतर अक्षरांच्या निम्म्या उंचीइतके तरी ठेवावे.

त्याखाली "सोलापुरी चादर" ही ओळ मोठ्या अक्षरांत घेतली. अक्षरांचा आकार ७२ ठिपके ठेवला, तर ८६४ रुंदीत साधारण १८ अक्षरे मावतात. त्याहून लांब ओळ असेल, तर अक्षरे लहान करण्याऐवजी शब्द कमी करावेत. आमच्या जुन्या फितीत "उत्तम प्रतीच्या, पक्क्या रंगाच्या, खात्रीच्या सोलापुरी चादरी" असे होते. पक्का रंग फितीत भाचा बोलून सांगतो. मग तो लिहायचा कशाला?

किंमत उजव्या कोपऱ्यातून काढली आणि नावाच्या खाली, मध्यरेषेच्या वर, अशी बसवली. तेथे उजवीकडे बटणे नसतात. फोन नंबर तळातून उचलून शेवटच्या तीन सेकंदांत एकट्याने आणला. त्या वेळी बाकी सर्व अक्षरे काढून टाकली. नंबर मोठ्या आकारात सुरक्षित चौकटीच्या मध्यावर ठेवला. हा मध्य वरून सुमारे ७७० ठिपक्यांवर येतो, तर चित्राचा मध्य ९६० वर असतो. नवख्या माणसास तो नंबर कोऱ्या चित्रात जरा वर चढल्यासारखा वाटतो. पण बटणे आल्यावर तोच मधोमध दिसतो.

यातून एक अडचण मात्र उभी राहिली, आणि ती प्रत्येक कापडवाल्यास येईल. सुरक्षित जागा हीच कापड दाखविण्याचीही सर्वांत चांगली जागा आहे. सर्व अक्षरे तेथे आणली, तर नक्षी झाकली जाते. बटणांपासून वाचविलेला मजकूर मालावरच पडला, तर काय उपयोग? यावर उपाय वेळेचा आहे. पहिले तीन सेकंद नाव आणि किंमत. मग अक्षरे काढून आठ-नऊ सेकंद फक्त चादर. शेवटी नंबर. फितीत जागा कमी असली तरी वेळ आपल्या हातात असतो.

कापडाला मात्र हा समास लागू नाही. चादर, साडी, पदर कडेपर्यंत खुशाल जाऊ द्या. बटणांखालून नक्षी गेली तर काही बिघडत नाही. उलट कडा रिकाम्या ठेवल्या तर चित्र ओकेबोके दिसते. फक्त नक्षीचा जो भाग गिऱ्हाईकाने पाहावा असे आपणास वाटते, उदाहरणार्थ काठाची वीण, तो चित्रीकरण करतानाच वरच्या दोन-तृतीयांशात धरावा.

उर्दूत लिहिणाऱ्यांसाठी

मालेगाव, भिवंडीकडील बरेच व्यापारी उर्दूतही मजकूर देतात. माझे शिक्षण उर्दू माध्यमाचे असल्याने आम्हीही देतो. येथे एक वेगळी खोच आहे. मराठी ओळ डावीकडून सुरू होते, त्यामुळे बटणांखाली तिचा शेवट जातो. उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते, त्यामुळे बटणांखाली तिचा पहिला शब्द जातो. शेवटचा शब्द गेला तर माणूस अंदाजाने वाचतो. पहिलाच गेला तर ओळ वाचायला सुरुवातही होत नाही. म्हणून उर्दू मजकूर उजव्या कडेला न लावता मध्यभागी जुळवावा आणि शक्यतो मध्यरेषेच्या वर ठेवावा. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, म्हणून तिला देवनागरीपेक्षाही अधिक उंच ओळ द्यावी लागते.

तपासणी कशी करावी?

आपल्या मोबाईलवर आपलीच रील पाहून समाधान मानू नये. मालकाला खाली वेगळी पट्टी दिसते. तीत किती लोकांनी पाहिले याचा तपशील आणि जाहिरात करण्याचे बटण असते. गिऱ्हाईकाला दिसते ते निराळे. म्हणून फीत टाकल्यावर लगेच दुसऱ्या खात्याच्या मोबाईलवर पाहावी. शक्य असल्यास एक लांबट आणि एक जुना, आखूड पडद्याचा मोबाईल घ्यावा. प्रत्येक ओळीपाशी फीत थांबवून स्वतःला विचारावे की, किंमतीचा शेवटचा आकडा पूर्ण दिसतो का? नंबरचे दहाही आकडे मोजता येतात का?

हे पहिल्या काही मिनिटांतच करावे. खाली लिहिलेली ओळ नंतर बदलता येते, पण चित्रात उमटलेली अक्षरे बदलता येत नाहीत. त्यासाठी फीत काढून नव्याने टाकावी लागते आणि तोवर आलेल्या पसंती व प्रश्न त्याबरोबर जातात. आम्हाला पहिली फीत दुसऱ्या दिवशी काढावी लागली, तेव्हा नंबर विचारणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रश्नही गेले. त्यांना उत्तर देण्याची सोय उरली नाही.

फितीच्या मुखचित्रासाठीही हेच माप कामी येते. २०२५ च्या जानेवारीपासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाईलवरील चौकोन उभट झाले. त्यांचे माप ३ ला ४ असे आहे. त्यात १९२० उंचीपैकी वरचे आणि खालचे २४० ठिपके कापले जातात. आपले नाव ३०० वर सुरू होत असेल, तर तेथेही ते पूर्ण दिसते.

एक मर्यादा शेवटी सांगितली पाहिजे. गिऱ्हाईकाने खालची ओळ उघडून पूर्ण वाचायला घेतली, तर ती वर पसरते आणि चित्राचा मोठा भाग झाकते. त्यावर कोणताही समास पुरत नाही. पण त्या वेळी ते गिऱ्हाईक चित्र सोडून ओळच वाचत असते. म्हणून किंमत, पत्ता आणि नंबर त्या ओळीतही पुन्हा लिहावा, आणि नंबर तर पहिल्याच शब्दांत यावा. चित्रातील नंबर डोळ्यांनी वाचून हाताने लावावा लागतो. ओळीतील किंवा प्रोफाईलमधील नंबर शोधून पुन्हा पाहता येतो.

दुसरी फीत टाकल्यावरही "भाव काय?" असे विचारणारे एक-दोघे निघालेच. पण या वेळी शेजाऱ्याच्या मोबाईलवर किंमत स्वच्छ दिसत होती. त्यांचा प्रश्न मग किंमतीचा नव्हता, कमी कराल का, हा होता. त्याचे उत्तर दुकानात बसूनच द्यायचे असते.